एक मायक्रोमीटर, सहा प्रश्न

कॅलिब्रेशन टेक्निशियनच्या परीक्षेत उमेदवाराला अडवतात ते बहुधा रोजच्या ओळखीचे शब्द. ट्रेसेबिलिटी, अनसर्टन्टी, टॉलरन्स हे शब्द भोसरी-चाकणच्या कुठल्याही क्वालिटी विभागात दिवसभर कानावर पडतात. ‘हा मायक्रोमीटर ट्रेसेबल आहे ना?’ असं कुणी विचारलं तर समोरचा ‘हो, सर्टिफिकेट आहे’ म्हणतो आणि दोघांचंही समाधान होतं. परीक्षेत मात्र हे उत्तर चूक धरलं जातं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मुख्यालय असलेली ‘एएसक्यू’ ही संस्था ‘सर्टिफाइड कॅलिब्रेशन टेक्निशियन’ नावाची बहुपर्यायी परीक्षा घेते. त्या परीक्षेतल्या शब्दांना आधार आहे तो मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाचा. हा संग्रह ‘व्हिम’ या लघुनावाने ओळखला जातो. अनसर्टन्टी कशी काढायची ते सांगणारा मार्गदर्शक ग्रंथ म्हणजे ‘गम’. भारतात प्रयोगशाळांना मान्यता देणारं एनएबीएल हे मंडळसुद्धा याच दोन ग्रंथांच्या भाषेत बोलतं. त्यामुळे उमेदवार मिलवॉकीचा असो की पिंपरीचा, दोघांना अडवणारे शब्द सारखेच असतात.

पुढचे सहा प्रश्न सरावासाठी रचलेले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेतून उचललेले नाहीत. सहाही प्रश्न एकाच उपकरणाभोवती फिरतात. ते उपकरण म्हणजे ० ते २५ मिलिमीटर मोजणारा डिजिटल मायक्रोमीटर. त्याचा लीस्ट काउंट ०.००१ मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रॉन आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन. उदाहरणातले आकडे मानलेले असले तरी अशा कामात साधारण असेच आकडे पुढे येतात.

प्रश्न १. खालीलपैकी ‘ट्रेसेबल’ कशाला म्हणता येईल?

(अ) मायक्रोमीटरला (ब) त्याचं कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळेला (क) कॅलिब्रेशन सर्टिफिकेटला (ड) मोजमापाच्या निकालाला

उत्तर ‘ड’. ट्रेसेबिलिटी हा निकालाचा गुण आहे. व्हिमच्या व्याख्येचा आशय असा, की मोजमापाचा निकाल कॅलिब्रेशनच्या अखंड, नोंदवलेल्या साखळीतून एखाद्या संदर्भापर्यंत नेता आला पाहिजे आणि त्या साखळीतल्या प्रत्येक कडीने अनसर्टन्टीत आपली भर घातलेली असली पाहिजे.

आपल्या मायक्रोमीटरची साखळी खालून वर अशी जाते. मायक्रोमीटर तपासला जातो स्लिप गेजवर. स्लिप गेज म्हणजे ठरलेल्या लांबीचे, आरशासारखे घासलेले पोलादी ठोकळे. हे ठोकळे एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कंपॅरेटरवर, त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या ठोकळ्यांशी ताडून पाहिलेले असतात. ते वरचे ठोकळे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने मोजता येतात. तिथे पट्टी असते ती लेसरच्या तरंगलांबीची. आयोडीनच्या साहाय्याने स्थिर केलेला हेलियम-निऑन लेसर साधारण ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. तो आकडा थेट मीटरच्या व्याख्येला जोडलेला असतो. १९८३पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते: सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात प्रकाश निर्वातात जेवढं अंतर कापतो, तेवढा एक मीटर.

वर लेसरपाशी अनसर्टन्टी अगदी नगण्य असते. एनपीएलच्या पातळीवरच्या ठोकळ्यासाठी ती काही दशक नॅनोमीटर होते. कारखान्याच्या स्लिप गेजपर्यंत येताना ती आणखी वाढते आणि मायक्रोमीटरपाशी एक मायक्रॉनच्या आसपास पोचते. साखळीत खाली उतरताना अनसर्टन्टी वाढतच जाते, कमी होत नाही. एखाद्या सर्टिफिकेटवर मायक्रोमीटरची अनसर्टन्टी ज्या स्लिप गेजने तो तपासला त्याच्याहून कमी छापलेली दिसली, तर हिशेब चुकला आहे हे बाकी काही न वाचताच कळतं.

साखळी सिद्ध कशी करायची, यावरही प्रश्न येतात. अमेरिकेत ‘एनआयएसटी’ या राष्ट्रीय संस्थेच्या चाचणी अहवालाचा क्रमांक सर्टिफिकेटवर छापायची जुनी सवय आहे. आपल्याकडेही ‘एनपीएल ट्रेसेबल’ असा शिक्का दिसतो. एनआयएसटीने आपल्या धोरणातच स्पष्ट केलं आहे, की असा क्रमांक ट्रेसेबिलिटीचा पुरावा म्हणून मागू नये आणि देऊही नये. क्रमांकावरून एवढंच समजतं, की कधीतरी कुणाचं तरी उपकरण तिथे गेलं होतं. साखळी सिद्ध करायची तर प्रत्येक कडीवर काय मोजलं, कशाने मोजलं, कोणत्या पद्धतीने मोजलं आणि अनसर्टन्टी किती निघाली हे दाखवावं लागतं. म्हणून नुसतं ‘ओके’ लिहिलेलं, अनसर्टन्टीचा आकडा नसलेलं सर्टिफिकेट कितीही रंगीत छापलेलं असलं तरी साखळी तिथे तुटते.

प्रश्न २. २५ मिलिमीटरच्या स्लिप गेजवर मायक्रोमीटरचं सरासरी वाचन २५.००२ मिलिमीटर आलं. सर्टिफिकेटवर ±१.० मायक्रॉन असं लिहिलं आहे. कारखान्याने या मायक्रोमीटरला ±४ मायक्रॉनची मर्यादा घालून दिली आहे. एरर, अनसर्टन्टी आणि टॉलरन्स अनुक्रमे किती?

(अ) २, १, ४ (ब) १, २, ४ (क) ४, १, २ (ड) २, ४, १

उत्तर ‘अ’. एरर म्हणजे वाचनातून स्लिप गेजची सर्टिफिकेटवरची लांबी वजा केल्यावर उरतं ते. इथे ठोकळा बरोबर २५.०००० मिलिमीटरचा धरला आहे, म्हणून एरर अधिक दोन मायक्रॉन. एररला चिन्ह असतं. ती कळली की दुरुस्तीही करता येते, कारण वाचनातून दोन मायक्रॉन वजा केले की काम झालं.

अनसर्टन्टीला अधिक किंवा उणे अशी दिशा नसते, त्यामुळे ती वजाही करता येत नाही. ‘एरर दोन मायक्रॉन’ या विधानाभोवती शंकेचा पट्टा किती रुंद आहे, एवढंच ती सांगते. इथे खरी एरर १ ते ३ मायक्रॉनच्या दरम्यान असावी, असं साधारण ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं.

टॉलरन्स या दोन्हींपेक्षा वेगळी, कारण ती मोजून मिळत नाही. कुणीतरी माणूस बसून ती ठरवतो: ड्रॉइंग काढणारा डिझायनर, मानक लिहिणारी समिती किंवा कारखान्याचा क्वालिटी विभाग. मायक्रोमीटर कितीही झिजला तरी ±४ हा आकडा जागचा हलत नाही. एरर मात्र झिजेबरोबर बदलते आणि अनसर्टन्टी मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते. ‘अनसर्टन्टी टॉलरन्समध्ये आहे, म्हणून पास’ असं वाक्य परीक्षेत पर्याय म्हणून दिसलं, तर ते खोडायला हरकत नाही. त्या वाक्यात एररचा पत्ताच नाही.

एरर आणि अनसर्टन्टी यांतला फरक न पाळल्याचं सर्वांत महागडं उदाहरण अवकाशात आहे. १९९०मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा विलक्षण बारकाईने घासला होता, पण चुकीच्या आकारात. आरसा तपासणाऱ्या ‘नल करेक्टर’ या उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं. ते अंतर मापदंडाने लावताना प्रकाश मापदंडाच्या टोकाऐवजी टोपीवरून परतला होता, कारण टोपीवरचा न चमकणारा थर एका ठिकाणी निघाला होता. त्या उपकरणाने आरसा कितीही वेळा मोजला तरी उत्तर तेच यायचं. वाचनं एकमेकांशी जुळत होती आणि सगळी मिळून चुकत होती. इतर दोन चाचण्यांनी गडबड दाखवलीही होती, पण ती उपकरणं कमी अचूक मानून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. परिणामी आरशाची कड जवळपास दोन मायक्रॉन जास्त घासली गेली.

प्रश्न ३. खालच्या चार घटकांवरून विस्तारित अनसर्टन्टी काढा. कव्हरेज फॅक्टर २ घ्या.

चारही आकडे स्टँडर्ड अनसर्टन्टीचे, मायक्रॉनमध्ये: स्लिप गेज ०.०६, लीस्ट काउंट ०.२९, वाचनांची पुनरावृत्ती ०.३२, तापमान ०.१७.

(अ) ०.२२ (ब) ०.४७ (क) ०.८४ (ड) ०.९४

उत्तर ‘ड’. उरलेल्या तिन्ही पर्यायांत प्रश्न काढणाऱ्याने एकेक नेहमीची चूक पेरून ठेवली आहे. ती पाहण्याआधी हे चार आकडे कुठून आले ते समजून घ्यावं लागतं.

स्लिप गेजच्या सर्टिफिकेटवर विस्तारित अनसर्टन्टी ०.१२ मायक्रॉन, कव्हरेज फॅक्टर २ असं लिहिलं होतं. दोनने भागून ०.०६ मिळाले. इथे भागायला विसरणारे पुष्कळ असतात.

लीस्ट काउंट एक मायक्रॉन असल्यामुळे पडद्यावर २५.००२ दिसतं तेव्हा प्रत्यक्ष मूल्य त्याच्या अर्धा मायक्रॉन अलीकडे-पलीकडे कुठेही असू शकतं आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या जागा सारख्याच शक्य असतात. अशा सपाट वितरणासाठी अर्धी रुंदी तीनच्या वर्गमुळाने भागतात: ०.५ भागिले १.७३२, म्हणजे ०.२९.

पुनरावृत्तीसाठी त्याच ठोकळ्यावर पाच वाचनं घेतली: २५.००२, २५.००३, २५.००२, २५.००१, २५.००२. त्यांचं प्रमाण विचलन ०.७१ मायक्रॉन येतं. निकाल म्हणून पाचांची सरासरी द्यायची असल्यामुळे ०.७१ला पाचाच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे ०.३२.

तापमानाचा घटक पुण्यातल्या मे महिन्यात विशेष जाणवतो. लांबीच्या मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात. पण ठोकळा आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी असले आणि दोन्ही २३ अंशांवर असले, तर दोघं जवळपास सारखेच प्रसरण पावतात आणि तुलना बिघडत नाही. बिघडवतो तो दोघांतला फरक. पोलाद अंशागणिक दशलक्षात साधारण साडेअकरा भाग वाढतं. म्हणून २५ मिलिमीटरवर एका अंशाच्या फरकाने ०.२९ मायक्रॉनची तफावत पडते. फरक एक अंशापर्यंत असू शकतो असं मानून पुन्हा तीनच्या वर्गमुळाने भागलं की ०.१७ मिळतात. ठोकळा बोटांत धरून ठेवला तर एवढा फरक सहज पडतो. म्हणूनच तो हातमोज्यांनी किंवा चिमट्याने उचलतात, सरफेस प्लेटवर निवू देतात आणि मगच वाचन घेतात.

आता बेरीज. हे चार घटक एकमेकांवर अवलंबून नाहीत. चारही एकाच वेळी एकाच दिशेने टोकाला जाण्याची शक्यता फार थोडी असते. म्हणून प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ काढायचं. वर्गांची बेरीज येते ०.२२, तिचं वर्गमूळ ०.४७ आणि त्याची दुप्पट ०.९४. वर्गमूळ काढायला विसरलेला उमेदवार ‘अ’वर खूण करतो. दोनने गुणायला विसरलेला ‘ब’ निवडतो. चारही आकडे सरळ मिळवणाऱ्याला ०.८४ मिळतात आणि तो समाधानाने ‘क’ निवडतो. सर्टिफिकेटवर हा आकडा वरच्या बाजूला पूर्ण करून १.० लिहितात. प्रत्यक्षात मायक्रोमीटरच्या जबड्यांची समांतरता, सपाटपणा असे आणखी घटकही धरले जातात.

याच प्रश्नाला बहुतेक वेळा एक शेपूट असतं: यांतले ‘टाइप ए’ कोणते आणि ‘टाइप बी’ कोणते? ‘ए म्हणजे यादृच्छिक आणि बी म्हणजे पद्धतशीर’ हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं, पण चूक आहे. गमने केलेला भेद आकडा कसा काढला यावर आहे. वाचनांच्या संख्याशास्त्रावरून काढला तर टाइप ए. सर्टिफिकेट, कॅटलॉग किंवा भौतिकशास्त्राच्या माहितीवरून काढला तर टाइप बी. इथे फक्त पुनरावृत्तीचा घटक ए आहे, बाकीचे तीन बी. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाचाऐवजी वीस वाचनं घेतली तर ०.३२चे ०.१६ होतील, पण बाकीचे तीन आकडे जागचे हलणार नाहीत.

प्रश्न ४. या कॅलिब्रेशनचा टीयूआर किती?

(अ) १३:१ (ब) ८:१ (क) ४:१ (ड) २:१

टीयूआर म्हणजे टॉलरन्स आणि अनसर्टन्टी यांचं गुणोत्तर. अमेरिकेच्या २००६च्या झेड५४०.३ या मानकानुसार टॉलरन्सची पूर्ण रुंदी ९५ टक्के विश्वासाच्या विस्तारित अनसर्टन्टीच्या दुपटीने भागायची. टॉलरन्स उणे चारपासून अधिक चारपर्यंत, म्हणजे आठ मायक्रॉन. अनसर्टन्टी १.०, तिची दुप्पट दोन. गुणोत्तर ४:१, म्हणून ‘क’.

‘अ’ पर्यायात टीएआर नावाचं जुनं गुणोत्तर लपलं आहे. तिथे उपकरणाची टॉलरन्स मास्टरच्या टॉलरन्सने भागतात. ग्रेड १च्या २५ मिलिमीटर स्लिप गेजला ±०.३० मायक्रॉनची मर्यादा असते. चार भागिले ०.३०, म्हणजे तेराहून थोडं जास्त. मास्टर तेरा पटींनी सरस आहे हे वाचून निर्धास्त वाटतं. पण या भागाकारात लीस्ट काउंट नाही, हाताची ऊब नाही, वाचनांतला फरकही नाही. मोजण्याची सगळी प्रक्रिया हिशेबात घेतली की तेराचे चार होतात. मास्टर कितीही महागडा आणला तरी इथे फार फरक पडणार नाही, कारण ०.४७मध्ये त्याचा वाटा नाममात्र आहे. अनसर्टन्टी कमी करायची असेल तर जास्त वाचनं आणि अधिक बारीक लीस्ट काउंट यांकडे पाहावं लागेल.

‘चारास एक’ हा नियम १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या कामातून रूढ झाला. त्यामागे जेरी हेज यांनी केलेला जोखमीचा हिशेब होता. प्रत्येक उपकरणासाठी शक्यतांचं गणित मांडायला तेव्हा संगणक हाताशी नव्हता, म्हणून एक सोपं गुणोत्तर कामाला आलं. झेड५४०.३ने पुढे मूळ हेतूच नियमात लिहिला: सदोष उपकरण चांगलं म्हणून पास होण्याची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नसावी, तसा हिशेब करणं व्यवहार्य नसेल तिथे ४:१ चालेल. परीक्षेत या दोन्ही अटी आणि त्यांचा क्रम विचारला जातो.

प्रश्न ५. १७.६ मिलिमीटरवर सरासरी एरर +३.४ मायक्रॉन आली. अनसर्टन्टी ±१.०, टॉलरन्स ±४. सर्टिफिकेटवर काय लिहावं?

(अ) पास, कारण ३.४ हे ४पेक्षा कमी (ब) फेल, कारण ३.४ अधिक १.० हे ४पेक्षा जास्त (क) ग्राहकाशी आधी ठरलेल्या निर्णय-नियमाप्रमाणे (ड) पास, कारण मर्यादा ४ अधिक १.० म्हणजे ५ होते

आधी १७.६ हा चमत्कारिक आकडा का, ते पाहू. मायक्रोमीटर तपासायला २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.० असा दहा ठोकळ्यांचा संच वापरतात. ५, १०, १५ असे गोल आकडे घेतले तर प्रत्येक वेळी स्क्रू फेऱ्याच्या त्याच जागी येऊन थांबतो आणि फेऱ्याच्या मधे कुठे खोट असली तर ती कधीच दिसत नाही. वरच्या आकड्यांमुळे स्क्रू वेगवेगळ्या कोनांत तपासला जातो. आपल्या मायक्रोमीटरची २५वरची एरर दोन मायक्रॉन होती. १७.६वर मात्र ती सीमेच्या अगदी जवळ गेली.

उत्तर ‘क’. आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७च्या आवृत्तीनुसार, ग्राहकाला पास-फेलचा निर्णय हवा असेल तर निर्णय-नियम काम घेतानाच स्पष्ट ठरवून ग्राहकाला कळवावा लागतो. निकाल पाहून नियम निवडायला मुभा नाही.

नियम काय असू शकतात? पहिला साध्या स्वीकृतीचा: एरर चारच्या आत असली की पास. या नियमाने आपला मायक्रोमीटर पास होतो. पण शंकेचा पट्टा २.४ ते ४.४ मायक्रॉनपर्यंत पसरला आहे आणि त्याचा एक तुकडा सीमेबाहेर आहे. सामान्य वितरण धरून हिशेब केला तर खरी एरर चारच्या पलीकडे असण्याची शक्यता साधारण १२ टक्के येते. एरर बरोबर ४.० निघाली असती तर ती शक्यता ५० टक्के झाली असती, म्हणजे नाणं उडवण्याइतकीच, आणि साध्या स्वीकृतीने तरीही ‘पास’ लिहिलं असतं.

दुसरा नियम गार्ड बँडचा. टॉलरन्सच्या दोन्ही टोकांकडून अनसर्टन्टीइतका पट्टा सोडायचा आणि उरलेल्या ±३.० मायक्रॉनच्या आतच निखळ ‘पास’ द्यायचा. आंतरराष्ट्रीय मान्यता संघटना ‘आयलॅक’च्या २०१९च्या मार्गदर्शिकेत हा पर्याय दिला आहे. तो पाळला तर चुकून पास होण्याची शक्यता २.५ टक्क्यांच्या आत राहते. आपला ३.४ या रेषेबाहेर पडतो. त्याला निखळ ‘पास’ मिळत नाही आणि निखळ ‘फेल’ही नाही. सशर्त पासची सोय ठरली असेल तर तशी नोंद होते.

‘ब’ पर्याय चुकतो तो इथेच. ३.४ हे सिद्ध झालेलं अपयश नव्हे. फेल ठामपणे सिद्ध करायला एरर ५च्या पलीकडे जावी लागेल. ‘ड’मध्ये तर अनसर्टन्टी टॉलरन्समध्ये मिळवून टाकली आहे, म्हणजे प्रयोगशाळा जितकी ढिसाळ, तितकी उपकरणाला जास्त सूट.

टीयूआर ४:१ असूनही हा पेच कसा उभा राहिला, असा प्रश्न इथे पडू शकतो. टीयूआर वाचन घेण्याआधीच काढता येतो आणि तो अशा अनेक उपकरणांची मिळून सरासरी जोखीम सांगतो. हातातल्या एका मायक्रोमीटरची एरर सीमेजवळ निघाली की त्या एकाची जोखीम वेगळी मोजावी लागते.

प्रश्न ६. वर्षाने तोच मायक्रोमीटर परत आला. १७.६वर एरर +५.५ मायक्रॉन निघाली. टेक्निशियनने आधी काय करावं?

(अ) झीरो सेट करून नव्याने वाचनं घ्यावीत (ब) आलं त्या स्थितीतली वाचनं नोंदवावीत, ग्राहकाला कळवावं, मग दुरुस्ती करावी (क) टॉलरन्स ±६ करून घ्यावी (ड) मायक्रोमीटर भंगारात काढावा

उत्तर ‘ब’. ५.५मधून अनसर्टन्टीचा एक मायक्रॉन वजा केला तरी ४.५ उरतात, त्यामुळे कुठल्याही रास्त नियमाने हे अपयशच ठरतं. ‘अ’ हा सर्वांत मोहक सापळा आहे, कारण रोजच्या घाईत नेमकं हेच होतं. झीरो हलवलं की दहाही ठोकळ्यांवरची वाचनं सारखीच सरकतात. एकाच मापाचे हजारो भाग मोजून स्क्रू एका जागी झिजला असेल, तर ती झीज झीरोने जात नाही. चूक फक्त दुसऱ्या ठोकळ्यांवर वाटली जाते. शिवाय आलं त्या स्थितीतली वाचनं एकदा पुसली, की या मायक्रोमीटरने वर्षभर काय मोजलं हे शोधायचा धागाच हातून जातो.

तो धागा असा वापरता येतो. समजा, कारखाना याच मायक्रोमीटरने १७.६०० ±०.०१० मिलिमीटरची पिन तपासत होता. म्हणजे १७.५९० ते १७.६१० वाचन आलं की भाग पुढे जायचा. मायक्रोमीटर साडेपाच मायक्रॉन जास्त दाखवत असेल, तर पिनचं खरं माप वाचनाहून तेवढंच कमी होतं. वाचन १७.६०८ आलेली पिन प्रत्यक्षात १७.६०२५ होती, तिला काही धोका नाही. वाचन १७.५९२ आलेली पिन मात्र खरी १७.५८६५ होती. ती खालच्या मर्यादेच्या बाहेर असून ग्राहकाकडे पोचली असेल. म्हणजे संशय फक्त १७.५९०पासून साधारण १७.५९५पर्यंतच्या वाचनांवर आहे. अनसर्टन्टीचा एक मायक्रॉन धरला तर १७.५९६पर्यंत. दुसऱ्या बाजूला १७.६११ ते १७.६१५ वाचन आल्यामुळे नाकारलेल्या पिना चांगल्या असून भंगारात गेल्या.

एरर ३.४वरून ५.५वर कधी गेली, हे सर्टिफिकेट सांगू शकत नाही. त्यामुळे शोध मागच्या कॅलिब्रेशनच्या तारखेपासून सुरू करावा लागतो. तपासणी अहवालात प्रत्येक पिनचं वाचन लिहिलेलं असेल, तर संशयित पिना एका दुपारी वेगळ्या काढता येतात. अहवालात वाचनांच्या जागी नुसते ‘ओके’ लिहिलेले असतील, तर वर्षभराचा जेवढा माल हाती लागेल तेवढा पुन्हा मोजावा लागतो, आणि तोही दुसऱ्या मायक्रोमीटरने.